सोळा वर्षांची मुलगी, अकरा दिवसांचा रक्तस्राव आणि ‘पीसीओडी’चे लेबल: एक प्रकरण अभ्यास

पुढे दिलेले प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. स्त्रीरोग आणि रक्तविकार या दोन्ही विभागांत एकसारख्या क्रमाने येणाऱ्या केसेसवरून ते जुळवले आहे. मात्र त्यातले आकडे, औषधांच्या मात्रा आणि निर्णय प्रत्यक्षात जसे असतात तसेच ठेवले आहेत.

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी, वजन ४८ किलो. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. पहिले वर्षभर कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येत असे. नंतर ती बरीचशी मार्गी लागली आणि गेली दोन वर्षे २८ ते ३८ दिवसांनी येते. त्रास तारखेचा नव्हता. प्रत्येक पाळी आठ-दहा दिवस चालायची आणि पहिले तीन दिवस अंगावरून खूप जायचे. या वेळी अकरावा दिवस उजाडला तरी रक्त थांबेना आणि सकाळी न्हाणीघरात तिला चक्कर आली, म्हणून आई तिला घेऊन आली.

सोबत फाइल होती. वर्षभरात तीन ठिकाणी दाखवले होते. एका ठिकाणी ‘वय लहान आहे, होईल नीट’ असे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी रक्त थांबवण्यासाठी नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्या पाच दिवस दिल्या. गोळ्यांनी रक्त थांबले आणि त्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा जोरात सुरू झाले. तिसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली, ‘दोन्ही बीजांडकोशांत अनेक लहान फॉलिकल्स’, म्हणजे बीज वाढणाऱ्या बारीक पिशव्या, असा अहवाल आला आणि कागदावर ‘पीसीओडी’ लिहिले गेले. त्यानंतर घरात वजन, जंक फूड आणि मोबाइल यांवरूनच बोलणे होऊ लागले. मुलीचे वजन उंचीच्या मानाने अगदी योग्य होते.

वयाने काय समजावता येते आणि काय नाही

पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी आणि बीजांडकोश यांचा ताळमेळ अजून बसलेला नसतो, त्यामुळे अनेक महिन्यांत बीज फुटतच नाही. बीज फुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन एकटेच गर्भाशयाचे अस्तर वाढवत राहते, ते अस्तर कच्चे राहते आणि केव्हातरी तुकड्यातुकड्यांनी गळू लागते. अशा मुलीचा इतिहास ठरलेला असतो: दोन-अडीच महिने पाळी नाही, मग एकदम भरपूर आणि लांबलेला रक्तस्राव.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात दोन पाळ्यांमधले अंतर २१ ते ४५ दिवस असेल तर ते चालते. तीन वर्षांनंतर ते २१ ते ३५ दिवसांत यायला हवे. पहिले वर्ष उलटल्यावर एखादी पाळी ९० दिवसांहून जास्त लांबली, तर तेवढ्यावरूनही तपासणी करावी. पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल, तर तो वेगळा आणि तितकाच तपासण्याजोगा प्रश्न.

वयामुळे तारखा पुढेमागे होतात. दर वेळी आठ-दहा दिवस चालणारा आणि हिमोग्लोबिन खाली आणणारा रक्तस्राव वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. या मुलीची पाळी बऱ्यापैकी वेळेवर येत होती, म्हणजे बहुतेक महिन्यांत बीज फुटत असणार. वेळेवर येणारी आणि तरीही पहिल्यापासून भरपूर जाणारी पाळी असेल, तर हार्मोन्सपेक्षा रक्त गोठण्याच्या यंत्रणेकडे आधी पाहायला हवे. आधीच्या तिन्ही ठिकाणी हाच प्रश्न विचारायचा राहिला होता.

‘जास्त’ म्हणजे किती

एका पाळीत साधारण ३० ते ४० मि.ली. रक्त जाते आणि ८० मि.ली.च्या वर गेले तर ते जास्त मानतात. पण घरी कोणी मि.ली. मोजत नाही. मुलीला विचारले तर ती ‘नॉर्मल’ म्हणते, कारण तिने दुसरे काही पाहिलेले नसते. आईला विचारले तर ती म्हणते, ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जास्त जातं.’ म्हणून पॅडचा गुणतक्ता वापरला. किंचित डाग असलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. छोट्या गाठीला १ आणि मोठीला ५. बेरीज १०० च्या पुढे गेली तर रक्तस्राव जास्त आहे असे धरतात.

तिच्या मागच्या पाळीचा हिशोब तिच्याच आठवणीतून मांडला. पहिल्या दिवशी दोन पूर्ण आणि दोन मध्यम पॅड, म्हणजे ५० गुण. दुसऱ्या दिवशी पाच पूर्ण, दोन मध्यम आणि तीन मोठ्या गाठी, १२५. तिसऱ्या दिवशी तीन पूर्ण, तीन मध्यम आणि एक मोठी गाठ, ८०. चौथ्या-पाचव्या दिवशी रोज चार मध्यम, दोन्ही मिळून ४०. पुढचे चार दिवस रोज तीन डाग लागलेले पॅड, म्हणजे १२. एकूण ३०७.

या तक्त्याला मर्यादा आहेत. तो साध्या पॅडसाठी बसवलेला आहे. हल्लीचे मोठे, जास्त शोषणारे पॅड वापरले की गुण कमी भरतात, आणि कापड वापरणाऱ्या मुलीला तो लागूच पडत नाही. तेव्हा साधे प्रश्न जास्त उपयोगी पडतात. एक-दोन तासांत पॅड बदलावे लागते का? रात्री उठून बदलावे लागते का? दोन पॅड एकावर एक लावावे लागतात का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का? पाळी सात दिवसांहून जास्त चालते का? पाळीमुळे शाळा बुडते का? या मुलीची पाचांहून जास्त उत्तरे ‘हो’ होती. ती दुसऱ्या दिवशी कॉलेजला गडद रंगाचाच ड्रेस घालून जायची आणि बाकावरून सर्वांत शेवटी उठायची.

न विचारलेले प्रश्न

रक्तस्रावाचा इतिहास फक्त पाळीपुरता घेऊन भागत नाही. हिला दर उन्हाळ्यात नाकाचा घोळणा फुटायचा, दहा-पंधरा मिनिटे रक्त थांबत नसे, आणि घरात ते उष्णतेचे म्हणून सोडून दिले जाई. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचे. मांड्यांवर कारण न आठवणारे काळेनिळे डाग उठत. आईची दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त थांबले नव्हते, परत जाऊन टाके घालावे लागले होते. धाकट्याच्या बाळंतपणात तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. आजीची पिशवी बत्तिसाव्या वर्षी ‘जास्त जातं’ म्हणून काढली होती. या सगळ्या गोष्टी घरातल्यांना माहीत होत्या, पण त्या एकमेकींशी जोडून कोणी पाहिल्या नव्हत्या.

थोडा वेळ आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलणे हाही तपासणीचाच भाग आहे. लैंगिक संबंध, गर्भधारणेची शक्यता, घेतलेल्या गोळ्या या गोष्टी आईसमोर सांगितल्या जात नाहीत. लघवीची गर्भचाचणी मात्र उत्तर काहीही असले तरी करायचीच. गर्भपात होत असतानाचा आणि गर्भ नळीत राहिल्याचा रक्तस्राव जास्त गेलेल्या पाळीसारखाच दिसू शकतो. इथे चाचणी निगेटिव्ह आली.

तपासण्या आणि त्यांचे अर्थ

नाडी ११२, रक्तदाब १००/६४. उभी केल्यावर नाडी १३० वर गेली. हिमोग्लोबिन ७.४ ग्रॅम, लाल पेशींचा आकार ६४ फेमटोलिटर म्हणजे बराच लहान, प्लेटलेट्स ४.१ लाख. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अवघा ४. थायरॉइड व्यवस्थित. कच्चे तांदूळ खाण्याची सवय वर्षभरापासून होती आणि तिच्यावरून घरात रागावणे चाले. ती सवय लोहाच्या कमतरतेचे लक्षण होती.

लोहाचा हिशोब पाहिला की आहारावर भर देऊन का भागले नाही हे समजते. निरोगी रक्ताच्या १ मि.ली.मध्ये सुमारे अर्धा मि.ग्रॅ. लोह असते. दर पाळीला दीडशे मि.ली. गेले तर ७० मि.ग्रॅ.च्या आसपास लोह जाते. जेवणातून रोज एक ते दोन मि.ग्रॅ. शोषले जाते आणि त्यातले साधारण एक शरीराच्या रोजच्या झिजेत संपते. बीट, खजूर, गूळ कितीही खाल्ले तरी दर महिन्याची ही तूट भरून निघत नाही.

सोनोग्राफी पोटावरूनच, मूत्राशय भरलेले ठेवून केली. या वयात आतून तपासणीची गरज जवळजवळ कधीच नसते, आणि ती होईल या भीतीने अनेक घरांतून मुलीला उशिरा आणले जाते. गर्भाशय नीट होते, अस्तर ६ मि.मी. होते, आणि बीजांडकोशांत पुन्हा तेच अनेक लहान फॉलिकल्स होते. वयात येणाऱ्या निरोगी मुलींमध्येही हे चित्र सर्रास दिसते. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएसचे, म्हणजे ज्याला पीसीओडी म्हणतात त्याचे, निदान करायचे नाही, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. या वयात त्या निदानासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: वर दिलेल्या मर्यादेबाहेर जाणारी अनियमित पाळी, आणि पुरुषी संप्रेरके वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटी-छातीवर राठ केस, चिवट मुरुमे किंवा रक्तात वाढलेले टेस्टोस्टेरॉन. हिच्यात दोन्ही नव्हते. लेबल काढून टाकले.

रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन चाचण्या, पीटी आणि एपीटीटी, नॉर्मल आल्या. बहुतेक ठिकाणी तपास इथेच थांबतो. पण ज्या आजाराची शंका होती तो व्हॉन विलेब्रांड आजार सौम्य असेल तर या दोन्ही चाचण्या नॉर्मल येऊ शकतात. व्हॉन विलेब्रांड घटक हे रक्तातले एक प्रथिन आहे. रक्तवाहिनीला जखम झाली की ते प्लेटलेट्सना जखमेच्या जागी चिकटवून धरते, शिवाय गोठण्याच्या आठव्या घटकाला सांभाळते. ते कमी असले की नाक, हिरड्या, गर्भाशय अशा ओलसर अस्तरांतून रक्त लवकर थांबत नाही. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली या आजाराचे पहिले वर्णन केले. ज्या मुलीवरून त्यांनी तिच्या कुटुंबाचा अभ्यास सुरू केला, ती तेराव्या वर्षी तिच्या चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली होती.

या प्रथिनाची पातळी वेगळी मागवून मोजावी लागते आणि ते मोजणे फसवे असते. भीती, वेदना, ताप, नुकताच झालेला मोठा रक्तस्राव, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आणि गर्भारपण यांत ती तात्पुरती वाढते. रडत, थरथरत दिलेल्या नमुन्यात आजार लपून जाऊ शकतो. उलट, नमुन्याची नळी बर्फाच्या पेटीत ठेवून शहरातल्या लॅबला पाठवली तर पातळी खोटी कमी दिसते. रक्त साध्या तापमानाला ठेवून चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, आणि लांब पाठवायचा तर तो वेगळा केलेला प्लाझ्मा गोठवून. तालुक्याच्या गावातून नमुना पाठवण्यापेक्षा मुलीलाच अशा लॅबपर्यंत नेणे बरे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे याच विषयाचे काम चालते.

पहिल्या दिवशी, औषधे सुरू करण्याआधी घेतलेल्या नमुन्यात प्रथिनाचे प्रमाण ५८ आणि त्याची कार्यक्षमता ५१ आली. कागदावर दोन्ही नॉर्मल, कारण सीमा ५० ची. पण मुलगी त्या क्षणी रक्तस्रावाने आणि घाबरून ताणात होती आणि तिचा इतिहास ठळक होता. म्हणून ‘आजार नाही’ असे न लिहिता ‘तीन महिन्यांनी पुन्हा’ असे लिहिले.

त्या दिवशीचे उपचार

रक्तदाब टिकून होता, रक्तस्राव मंदावत होता, हिमोग्लोबिन सातच्या वर होते. म्हणून दाखल करून लक्ष ठेवले, रक्त लगेच चढवले नाही. रक्तदाब घसरत असता किंवा स्राव जोरात चालू असता तर निर्णय बदलला असता.

ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या ५०० मि.ग्रॅ.च्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, पाच दिवस. हे औषध तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. सोबत नॉरएथिस्टेरॉन ५ मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा. स्राव तिसऱ्या दिवशी थांबला, पण गोळी बंद केली नाही. आधीच्या वेळी पाच दिवसांत गोळ्या संपल्या, संप्रेरकाचा आधार अचानक गेला, आणि अस्तर गळून पुन्हा रक्त आले. मुलीच्या घरच्यांना वाटले औषध लागू पडले नाही, प्रत्यक्षात ते अर्ध्यावर सुटले होते. या वेळी मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत पाच आठवडे गोळ्या चालू ठेवल्या. पुढची पाळी हिमोग्लोबिन दहाच्या आसपास पोहोचल्यावरच यावी, एवढाच हेतू.

लोह शिरेतून दिले. वजन ४८, हिमोग्लोबिन ७.४ वरून १५ वर न्यायचे आणि साठ्यासाठी ५०० मि.ग्रॅ. धरले तर एकूण गरज १३७५ मि.ग्रॅ.च्या जवळ येते. आयर्न सुक्रोज २०० मि.ग्रॅ. एक दिवसाआड पाच वेळा दिले. उरलेले तोंडाने, एक दिवसाआड एक गोळी, चहा-दुधापासून दोन तास लांब. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झाले. त्या आठवड्यात कच्च्या तांदळाची सवय सुटली.

एक गोष्ट मुद्दाम थांबवली. पाळीच्या दुखण्यासाठी ती मेडिकलमधून मेफेनॅमिक आणि ट्रॅनेक्सामिक ॲसिड एकत्र असलेली गोळी घ्यायची. रक्त गोठणे ठीक असलेल्या मुलीत ही जोडगोळी दुखणे आणि स्राव दोन्ही कमी करते. पण मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधे प्लेटलेट्सचे काम मंदावतात. रक्तविकाराची शंका असताना ती घ्यायची नाहीत, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल.

तीन महिन्यांनंतर

दुसरा नमुना पाळीच्या तिसऱ्या दिवशी घेतला, कारण तेव्हा पातळी सर्वांत खाली असते. तोवर इस्ट्रोजेन असलेली कुठलीही गोळी दिली नव्हती. या वेळी प्रमाण ३६, कार्यक्षमता ३३, आठवा घटक ६२. कार्यक्षमता आणि प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे प्रथिन सदोष नाही, कमी आहे. रक्तगट ओ होता, आणि ओ गटात ही पातळी मुळातच पाव हिश्श्याने खाली असते. तरीही रक्तस्रावाचा स्पष्ट इतिहास असताना ५० च्या खालची पातळी निदानाला पुरते, अशी २०२१ची आंतरराष्ट्रीय तत्त्वे आहेत. निदान: व्हॉन विलेब्रांड आजार, पहिला प्रकार.

पुढच्या तीन पाळ्या फक्त ट्रॅनेक्सामिक ॲसिडवर काढल्या. गुण ३०७ वरून १४० च्या घरात आले. सुधारणा खरी होती, पण पुरेशी नव्हती. मग अर्धशिशी, रक्तदाब आणि घरात कोणाला शिरेत गुठळी झाल्याचा इतिहास हे तपासून ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची संयुक्त गोळी सुरू केली. ट्रॅनेक्सामिक तेव्हा बंद केले, कारण दोन्ही एकत्र नेहमीसाठी घेतली तर गुठळीचा धोका वाढू शकतो. आईला गर्भनिरोधक गोळीचे नाव ऐकूनच धक्का बसला. लग्न, मूल, लोक काय म्हणतील, हे सगळे प्रश्न आले. त्यांना वेळ देऊन उत्तरे दिली: ही गोळी अस्तर पातळ ठेवते, म्हणून रक्त कमी जाते, ती बंद केल्यावर बीज पुन्हा फुटू लागते आणि मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होत नाही. चौथ्या महिन्यात पाळी पाच दिवसांची आणि गुण ७० च्या आत आले. त्या टर्मला तिची एकही हजेरी पाळीमुळे चुकली नाही.

आजार आनुवंशिक आहे. आई किंवा वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. आईची पातळी ३९ निघाली. धाकट्या भावाची टॉन्सिलची शस्त्रक्रिया ठरली होती, ती त्याची चाचणी होईपर्यंत पुढे ढकलली. मुलीच्या पर्समध्ये आता निदान आणि रक्तगट लिहिलेले कार्ड असते. दात काढण्याआधी, कुठल्याही शस्त्रक्रियेआधी आणि पुढे बाळंतपणाआधी ते दाखवायचे, म्हणजे या प्रथिनाची पातळी तात्पुरती वाढवणारे डेस्मोप्रेसिन किंवा प्रथिनाचेच इंजेक्शन लागेल का हे आधीच ठरवता येते.

हेच चित्र वेगळे असते तर

हिची पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असती, मध्ये काहीच नसते आणि नाक-हिरड्यांचा इतिहास स्वच्छ असता, तर बीज न फुटण्याचे कारण आधी धरले असते. तेव्हाही गर्भचाचणी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन पाहावेच लागते. त्यावर दर महिन्याला दहा-बारा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर ठरल्या वेळी गळू दिले की बहुतेक मुली सावरतात. पिशवी साफ करण्याची, म्हणजे क्युरेटिंगची, गरज या वयात क्वचितच पडते.

तपासणीला केव्हा न्यावे, याचा व्यवहारातला निकष सोपा आहे. वर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन-तीनांना ‘हो’ असेल, किंवा मुलगी फिकट दिसते, जिना चढताना धाप लागते, तर पुढची पाळी ‘पाहू’ म्हणून वाट पाहू नये. पहिल्याच पाळीत भरपूर रक्त गेले असेल तर रक्तविकाराच्या चाचण्या पहिल्याच भेटीत कराव्यात. आणि दर तासाला एक पूर्ण पॅड असे सलग दोन तास भिजले, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छाती धडधडत राहिली, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री ज्या रुग्णालयात रक्तपेढीची सोय आहे तिथे न्यावे. सोबत आधीचे सगळे कागद आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे असू द्यावीत. कोणती गोळी कधी सुरू झाली आणि कधी बंद झाली, हे त्या वेळी डॉक्टरांना सर्वांत आधी लागते.